पन्नास, चारशे आणि तीनशे रुपयांचा फरक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दहावी-बारावीचा निकाल लागला की त्या दिवशी दुपारी एक वाजता सगळ्यांचं लक्ष पडद्यावर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शाळेच्या दारात वेगळीच माणसं दिसतात. कुणाला पंचाहत्तरची खात्री होती आणि बावन्न पडले आहेत, कुणाचा एकच विषय दोन गुणांनी राहिला आहे. हातात निकालाची छापील प्रत असते आणि तोंडात एकच वाक्य असतं, "सर, पेपर रीचेक करायचाय." हा शब्द इतका रूढ झाला आहे, की तो तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या तिन्हींचं शुल्क वेगळं, काम वेगळं. आणि एकीची वेळ टळली, तर ती दुसरीने भरून निघत नाही. आज मी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे आपल्या पुण्याच्या मंडळाच्या, परीक्षांपुरतंच बोलणार आहे. केंद्रीय मंडळांचे नियम निराळे असतात, त्यांच्याशी गल्लत करू नये.

आधी उत्तरपत्रिकेचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पेपर परीक्षकाकडे जातो. मंडळाने ठरवलेली नमुना उत्तरं आणि गुणदानाची योजना त्याच्यापुढे असते. तो प्रत्येक उत्तराला गुण देतो, ते मुखपृष्ठावरच्या तक्त्यात प्रश्नवार उतरवतो आणि बेरीज करतो. त्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो. मग ते गुण गुणयादीत आणि तिथून संगणकात जातात. या साखळीत चूक दोन प्रकारची होऊ शकते. एक कारकुनी चूक: एखादं उत्तर तपासायचंच राहून गेलं, आतल्या पानावरचा गुण मुखपृष्ठावर उतरला नाही, बेरीज चुकली, पुरवणी निसटली. दुसरी चूक निर्णयाची: उत्तर तपासलं, पण जितके गुण द्यायला हवे होते तितके दिले नाहीत.

या दोन चुकांसाठी दोन दारं आहेत. पहिल्या दाराचं नाव गुणपडताळणी. तिचं शुल्क विषयाला पन्नास रुपये. इथे उत्तराचा दर्जा कुणी पुन्हा पाहत नाही. सगळी उत्तरं तपासली गेली आहेत ना, गुण बरोबर उतरले आहेत ना, बेरीज जुळते ना, एवढंच पाहिलं जातं. दुसऱ्या दाराचं नाव पुनर्मूल्यांकन, त्याला विषयाला तीनशे रुपये. तिथे उत्तरपत्रिका खरोखर नव्याने तपासली जाते. पण या दुसऱ्या दाराशी सरळ जाता येत नाही. आधी आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, तिचे विषयाला चारशे रुपये. छायाप्रत न घेता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. म्हणजे एका विषयाचं पुनर्मूल्यांकन तीनशेला नव्हे, सातशेला पडतं. सोबत गुणपडताळणीही केली, तर साडेसातशे. हे 2025 च्या परीक्षेचे दर आहेत. अर्ज करताना त्या वर्षीच्या निकालाच्या प्रकटनातला आकडा पाहून घ्यावा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी परिस्थिती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात असते. समजा, बारावी विज्ञान शाखेची एक मुलगी आहे. तिला अभियांत्रिकीला जायचं आहे. प्रवेशपरीक्षा बरी गेली आहे. पण या प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान पंचेचाळीस टक्के लागतात, म्हणजे तीनशेपैकी 135. राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के, म्हणजे 120. ही मुलगी खुल्या प्रवर्गातली. तिला भौतिकशास्त्रात लेखी 27 आणि प्रात्यक्षिक 24 असे 51, रसायनात 44 आणि गणितात 37 मिळाले. बेरीज 132. तीन गुण कमी. उत्तीर्ण तर ती आहेच, पण ज्या दारातून जायचं होतं ते दार तीन गुणांनी बंद.

वडील म्हणतात, पन्नास रुपये भरून टाका, बघू काय होतं. मुलगी म्हणते, मला भौतिकशास्त्रात निदान चाळीस यायला हवे होते. या दोघांपैकी बरोबर कोण, हे छायाप्रत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून ते छायाप्रत मागवतात.

छायाप्रत आली की बहुतेक घरांत पहिली चूक होते. मुलगी सरळ आपलं आवडतं उत्तर काढते आणि "एवढं लिहिलं तरी दीडच गुण?" असं म्हणून रडायला लागते. तसं करू नका. आधी अक्षर आपलंच आहे ना ते पाहा. मग पानं मोजा, पुरवणी जोडली होती तर तिची पानंही आली आहेत ना ते पाहा. त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरची रचना त्यासाठी सोयीची आहे. पहिल्या प्रश्नात दहा बहुपर्यायी, दुसऱ्यात एका गुणाचे आठ, मग दोन गुणांचे कोणतेही आठ, तीन गुणांचे कोणतेही आठ आणि चार गुणांचे कोणतेही तीन. दहा, आठ, सोळा, चोवीस आणि बारा, एकूण सत्तर.

आपल्या मुलीच्या मुखपृष्ठावर पहिल्या प्रश्नाला सहा, दुसऱ्याला चार, दोन गुणांच्या विभागाला सात, तीन गुणांच्या विभागाला आठ आणि शेवटच्या विभागाला दोन आहेत. बेरीज 27, म्हणजे बरोबर. इथे वडील खट्टू होतात, कारण बेरजेत काही निघालं नाही. पण पडताळणी बेरजेपुरती नसते. मुखपृष्ठावरचा प्रत्येक आकडा आतल्या पानावरच्या आकड्याशी लावून पाहायचा असतो. आणि त्याच्या उलटही करायचं असतं: आतल्या प्रत्येक उत्तरापुढे काही तरी खूण आहे ना, बरोबरची, चुकीची किंवा गुणाचा आकडा, हे पान उलटत उलटत पाहायचं. हे करताना पुरवणीच्या शेवटच्या पानावर तीन गुणांचं एक उत्तर सापडतं, ज्याच्यापुढे काहीच नाही. शून्यही नाही. मुलीने ते घाईत, शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलं होतं, आणि ते तपासायचं राहिलं. शून्य आणि रिकामी जागा यांत फरक आहे, हे लक्षात ठेवा. शून्य म्हणजे परीक्षकाने वाचून दिलेला निर्णय. रिकामी जागा म्हणजे निर्णय झालेलाच नाही.

हे झाल्यावर मुलगी कॉलेजातल्या सरांकडे जाते. हा टप्पा घरच्या घरी उरकू नये. विषय शिकवणारा, आणि शक्य असेल तर पेपर तपासण्याचा अनुभव असलेला शिक्षक गाठावा. तो मुलीसारखा उत्तराच्या प्रेमात नसतो. ते राहिलेलं उत्तर पाहून सर म्हणतात, तीनपैकी दोन गुणांचं आहे, आकृतीला नावं दिलेली नाहीत. मग चार गुणांच्या एका प्रश्नातलं गणित ते थांबून पाहतात. सूत्र बरोबर, किमती बरोबर भरल्या आहेत, शेवटच्या भागाकारात दशांशचिन्ह चुकलं आहे. परीक्षकाने उत्तर चूक पाहून शून्य दिलं. पायरीवार गुण द्यायचे असतात, तेव्हा इथे एक गुण मागण्यासारखा आहे, असं सर सांगतात. दोन आणि एक, तीन. म्हणजे 135.

आता पन्नास रुपयांचा आणि सातशेचा फरक कळतो. नुसती गुणपडताळणी केली असती, तर ते राहिलेलं उत्तर उजेडात आलं असतं, त्याला दोन गुण मिळाले असते, आणि मुलगी 134 वर थांबली असती. दशांशचिन्हाच्या त्या गणिताकडे कुणी पाहिलंच नसतं, कारण ते "तपासलेलं" होतं. उलट, एखाद्या घरी छायाप्रतीत फक्त बेरजेची चूक निघाली आणि तपासणीबद्दल काही तक्रार नसेल, तर पुनर्मूल्यांकनाचे तीनशे रुपये घालण्याचं कारण नाही. गोष्ट एवढीच, की छायाप्रत हाती येईपर्यंत गुणपडताळणीची मुदत संपलेली असू शकते. म्हणून ज्याच्या निकालात मोठी तफावत आहे, त्याने छायाप्रतीच्या अर्जाबरोबरच पन्नास रुपयांचा तो अर्जही करून ठेवावा, असं माझं मत आहे. चारशे खर्च करणाऱ्याने पन्नाससाठी हात आखडू नये.

सरांनी त्या मुलीला आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, आणि चांगला शिक्षक त्या सांगतो. पहिली, बहुपर्यायी प्रश्नांची. तिने एका प्रश्नाला आधी "ब" लिहिलं, मग ते खोडून खाली "क" लिहिलं, आणि "क" बरोबर होतं. तिला वाटतं, हा एक गुण तर नक्की. पण बहुपर्यायी प्रश्नात पहिलंच लिहिलेलं उत्तर मूल्यमापनाला धरतात, हे प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं. तो गुण विसरायचा. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. पुनर्मूल्यांकन म्हणजे नवी तपासणी, आणि नव्या तपासणीत जसा वाढ होण्याचा, तसा कपातीचाही संभव धरून चालावं. म्हणून सरांनी फक्त कुठे गुण मागायचे हे पाहून थांबू नये, कुठे परीक्षकाने सढळ हाताने दिले आहेत तेही पाहावं. एका ठिकाणी दीड गुण मागण्यासारखा आहे आणि तीन ठिकाणी अर्धा अर्धा जास्त पडलेला आहे, असं दिसलं, तर घरी बसणं शहाणपणाचं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना हे आवडत नाही, पण मी सांगतोच.

प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या वाटेने बदलत नाहीत. ते शाळा-कॉलेजातून आलेले असतात, तिथे तपासायला उत्तरपत्रिकाच नसते. दहावीला श्रेणीचे विषयही या योजनेतून वगळलेले आहेत. म्हणून अर्ज करण्याआधी गुणपत्रकावर लेखीचे गुण वेगळे काढून पाहावेत. ऐंशीपैकी अठ्ठेचाळीस आणि अंतर्गतचे वीसपैकी अकरा असतील, आणि खरी तक्रार त्या अकरांबद्दल असेल, तर मंडळाला भरलेले चारशे रुपये त्या प्रश्नाला लागूच पडत नाहीत.

आता मुदती. बहुतेक माणसं इथेच फसतात. निकाल जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण पंधरा दिवस गुणपडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज घेतात. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि अर्ज 6 ते 20 मे या काळात घेतले. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला आणि अर्ज 14 ते 28 मे. पुष्कळ पालक "मूळ गुणपत्रक हातात येऊ दे, मग बघू" म्हणून थांबतात. गुणपत्रक शाळेत यायला काही दिवस जातात, मुलं गावाला गेलेली असतात, आणि पंधरापैकी दहा दिवस निघून जातात. मूळ गुणपत्रकाची वाट पाहू नका. संकेतस्थळावरच्या निकालाची छापील प्रत अर्जाला पुरते. अर्ज मंडळाच्या mahahsscboard.in या संकेतस्थळावर स्वतः किंवा शाळेमार्फत भरता येतो, आणि शुल्कही कार्ड, यूपीआय किंवा नेट बँकिंगने तिथेच भरायचं असतं.

छायाप्रत कशी हवी ते अर्जात विचारतात: ई-मेलने, मंडळाच्या कार्यालयातून हाती किंवा टपालाने. यापैकी एकच निवडायचं. ई-मेल निवडलात तर पत्ता स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याने सोयीसाठी आपलाच पत्ता टाकला आणि छायाप्रत त्याच्याकडे आठवडाभर पडून राहिली, असं होतं. त्या आठवड्याची किंमत मोठी आहे, कारण दुसरं घड्याळ छायाप्रत मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होतं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत, विहित नमुन्यात, शुल्कासह आपल्या विभागीय मंडळाकडे जावा लागतो. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरीचं कोकण मंडळ, अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. ज्या मंडळातून परीक्षा दिली, त्याच मंडळाकडे अर्ज करायचा. बदली होऊन घर दुसरीकडे गेलं म्हणून मंडळ बदलत नाही.

हे पाच दिवस कसे मोजायचे? समजा, छायाप्रत गुरुवारी आली. तो गुरुवार धरायचा की शुक्रवारपासून मोजायचं, शनिवार कामाचा की सुट्टीचा, यावर वाद घालत बसू नका. सगळ्यात कडक हिशोब धरा: गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार. मंगळवार हाच शेवटचा दिवस समजून कामाला लागा. खरी मुदत त्यापुढे असेल तर उत्तम, पण तिच्यावर विसंबून राहू नका. यावरून हेही कळेल, की विषयशिक्षक गाठायचा तो छायाप्रत आल्यावर नव्हे, अर्ज केला त्याच दिवशी. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. सर कोकणात लग्नाला गेलेले असतात. छायाप्रत येईल त्या दिवशी दोन तास द्याल का, असं त्यांना आधीच विचारून ठेवलं, तर पाच दिवस पुरतात. नाहीतर ते शोधाशोधीतच जातात.

या काळात पुढचं काही थांबत नाही, हे सांगायला हवं. अकरावीची किंवा अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया तुमच्या पुनर्मूल्यांकनासाठी थबकत नाही. आत्ताच्या गुणांवर जो अर्ज भरता येतो तो भरावा, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची पावती जपून ठेवावी आणि गुण बदलले तर तेव्हा सुधारित गुणपत्रक घेऊन प्रवेशकेंद्रावर जावं. जी मुलं नापास झाली आहेत, त्यांनी तर पुनर्मूल्यांकनाच्या आशेवर पुरवणी परीक्षेचा अर्ज मुळीच टाळू नये. 2025 मध्ये पुरवणी परीक्षा 24 जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर जेमतेम दीड-दोन महिन्यांत. दोन्ही अर्ज करावेत. पुनर्मूल्यांकनात पास झालात तर पुरवणीची फी फुकट गेली असं वाटेल, पण दोन्हीकडून हुकलात तर वर्ष जातं. आपल्या उदाहरणातली मुलगी उत्तीर्ण आहे, तिच्यासाठी तिसरा मार्गही आहे: श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षेला बसण्याचा. पुनर्मूल्यांकनात 134 वरच राहिली, तर तिला तो उपयोगी पडेल. पण तोपर्यंत या वर्षीची प्रवेशप्रक्रिया पुढे निघून गेलेली असेल.

आज चारशे रुपयांत मिळणारा हा कागद एके काळी मागूनही मिळत नव्हता. आपल्याच मंडळाचा नियम होता, की विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मागता येईल, उत्तरपत्रिका पाहता येणार नाही आणि पुनर्मूल्यांकनही होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम अवैध ठरवला, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल देऊन नियम कायम ठेवला. पुढे माहितीचा अधिकार आला. 2011 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती परीक्षार्थीला पाहता येते, असं सांगितलं. मात्र त्याच निकालात हेही स्पष्ट केलं, की उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्कातून पुनर्मूल्यांकनाचा हक्क आपोआप निघत नाही. म्हणूनच कुणी सल्ला दिला, की दहा रुपयांचा तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, चारशे वाचतील, तर हिशोब पूर्ण करावा. त्या कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. उत्तरपत्रिका पाहायचीच असेल तर ते ठीक. पण पुनर्मूल्यांकन हवं असेल, तर मंडळाच्याच वाटेने, मंडळाच्याच मुदतीत छायाप्रत घ्यावी लागते. आपल्या उदाहरणातल्या मुलीने दहा रुपयांची वाट धरली असती, तर पुरवणीतलं ते न तपासलेलं उत्तर तिला दिसलं असतं, आणि तेव्हा अर्ज घेण्याची तारीख उलटून गेलेली असती.